सुट्टीच्या दिवशी आलेला इलेक्ट्रिशियन: जादा पैसे दिले, मग आभार वेगळे मानायचे का?

मीनल: सुट्टीच्या दिवशी घरातला आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थला गळला की वीज तोडणारा स्विच, सारखा पडत होता. इलेक्ट्रिशियन आला, दोन तास खपला, वीज सुरू करून गेला. सुट्टीचा जादा दर लगेच दिला. नवरा म्हणतो, हिशेब मिटला. मला मेसेज पाठवायचाय, पण नुसतं ‘थँक्यू’ कोरडं वाटतं. काय लिहू?

राजाभाऊ: नवऱ्याचं बरोबर आहे. जादा दर कशाचा घेतला मग? आणि दोन तास कसले? सगळे एमसीबी, म्हणजे बोर्डातले प्रत्येक लाइनचे छोटे स्विच, खाली करायचे, एकेक वर घ्यायचा, ज्याला आरसीसीबी पडेल तिथे दोष. हे मीही केलं असतं.

जुना वायरमन: राजाभाऊ, फेजमधली गळती तशी सापडते. न्यूट्रल अर्थला टेकली असेल तर नाही. घरातले बरेचसे एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल बोर्डातल्या सामाईक पट्टीला जोडलेलीच राहते. दोष असलेला एमसीबी खाली असला तरी दुसरीकडे पंखा लावला की त्याचा थोडा करंट त्या न्यूट्रलमधून अर्थला जातो आणि आरसीसीबी पडतो. तुम्ही बिचाऱ्या पंख्यालाच दोष दिला असता. मीनलताई, त्याने बोर्ड उघडून न्यूट्रल एकेक सोडवल्या का?

मीनल: हो! शेवटी बाहेरच्या दिव्याची निघाली, पेटीत पाणी शिरलं होतं. ती वायर सोडवून टेप लावला, दिवा बंद ठेवलाय.

जुना वायरमन: मग तेच लिहा: ‘दादा, काल तुम्ही बाहेरच्या दिव्याची न्यूट्रल शोधून काढलीत, म्हणून घरात वीज आली. रात्रभर आरसीसीबी पडला नाही. सुट्टी मोडून आलात, आभारी आहे. दिव्याचं काम तुमच्या सवडीने करू.’ त्यातलं ‘पडला नाही’ हे वाक्य मला सगळ्यात आवडलं असतं. असे दोष कधी कधी दोन असतात. आपण घरी गेल्यावर पुन्हा पडला की काय, ही धाकधूक राहते. गिऱ्हाईक फोन करतं ते पडल्यावरच.

सुजाता: आभार म्हणून त्याचा नंबर वाटत सुटू नका. माझ्या जावेने ‘हा सुट्टीलाही येतो’ म्हणून सगळ्यांना दिला. पुढच्या सुट्टीला त्याने फोनच बंद ठेवला.

अनिकेत: आमचाही पावसात पडतो. आरसीसीबी काढून साधा स्विच बसवला तर?

जुना वायरमन: अजिबात नको. माणसाला शॉक बसला तर तोच वीज तोडतो. आधी बाहेरच्या पेट्या कोरड्या आहेत का ते तपासून घ्या.

राजाभाऊ: न्यूट्रलचं पटलं. पण दर ठरवून घेतलाय, तर माझ्या लेखी तो पुरे. दिव्याचं काम त्यालाच द्या, मेसेजपेक्षा ते त्याला जास्त उपयोगी.

सुजाता: आणि दोन्ही केलं तर काय बिघडतं, राजाभाऊ?