मदत हवी आहे – गोव्याच्या हॉटेलनं कार्डवर अडकवलेले १५ हजार कसे सोडवायचे?

नमस्कार मंडळी, मी खानापूरचा. गेल्या पंधरवड्यात घरच्यांना घेऊन चोर्ल्यावरनं गोव्याला गेलो होतो, तिथं हॉटेलात चेक-इनला डिपॉझिट म्हणून क्रेडिट कार्डवर १५,००० ब्लॉक केले. निघताना ९,२०० चं बिल झालं ते मी यूपीआयनं भरलं, आणि तिथंच घोळ झाला असं आता वाटतंय, कारण तेच बिल त्या ब्लॉकमधनं कापलं असतं तर उरलेलं सोडणं त्यांच्या हातनं आपसूक झालं असतं, आता तो ब्लॉक तसाच लोंबकळतोय.

स्टेटमेंटमध्ये काही दिसत नाही, पण लिमिट १५ हजारानं कमीच दाखवतंय. बँकेच्या बेळगाव शाखेत गेलो तर ते म्हणतात हॉटेलनं रिलीज पाठवायला पाहिजे, आणि हॉटेलवाले फोनवर म्हणतात आम्ही सोडलंय की, बँकेला विचारा. स्लिप जपून ठेवलीय, पुसट झालीय तरी वर PRE-AUTH आणि खाली सहा आकडी अप्रूव्हल कोड वाचता येतोय. SALE असतं तर रिफंड मागितला असता, इथं पैसे कापलेच नाहीत त्यामुळं ब्लॉकच रद्द करायला पाहिजे ना?

कुणी हे केलंय काय? हॉटेलकडनं तो कोड घालून लेटरहेडवर रिलीजचं पत्र मेलनं मागवलं तर बँक त्यावर ब्लॉक काढते काय, की मुदत संपेपर्यंत थांबायचंच? पुढच्या आठवड्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला हेच कार्ड लागणार आहे, तेवढं लवकर सांगा की.