मदत हवी आहे: उभी घडी पडलेला क्यूआर चालतो, आडवी घडी पडलेला अडतो. असं का?

गल्लापेटी
दुकानात यूपीआयची दोन कार्डं आहेत. एकाच फाईलमधून, एकाच दिवशी छापलेली, साधा कागद आणि वर पातळ लॅमिनेशन. एकाला मधोमध उभी घडी पडली आहे, दुसऱ्याला मधोमध आडवी. दोन्ही घड्यांवरची शाई उडून साधारण एका ठिपक्याएवढी पांढरी रेघ झाली आहे. उभ्या घडीचं कार्ड कुठलाही फोन लगेच वाचतो. आडव्या घडीचं दहातून चार-पाच वेळाच. बाजूंवर सात-सात ठिपक्यांचे चौकोन धरून मोजले तर एका ओळीत ३७ ठिपके भरतात. नुकसान सारखंच आहे, मग हा फरक कशामुळे?

सहज_विचारतोय
क्यूआरचा ३० टक्के भाग गेला तरी तो वाचला जातो. एका ठिपक्याची रेघ म्हणजे ३७ पैकी १, तीन टक्केसुद्धा नाही. गिऱ्हाइकांच्या कॅमेऱ्यातच खोट असणार.

काटकोन
३० टक्के फक्त दुरुस्तीच्या सगळ्यात वरच्या पातळीला, आणि तेही क्षेत्रफळाचे नव्हेत. पातळ्या चार: एल, एम, क्यू, एच. अंदाजे ७, १५, २५ आणि ३० टक्के. हे टक्के बाइटचे, म्हणजे आठ-आठ ठिपक्यांच्या गटांचे आहेत, आणि या कोड्याचं उत्तर तिथेच दडलंय.

गल्लापेटी, आधी पातळी बघा. कार्ड असं धरा की मोठा चौकोन नसलेला कोपरा उजवीकडे खाली येईल. डावीकडच्या वरच्या चौकोनाखाली एक ओळ पांढरी असते, ती सोडून पुढच्या ओळीतली डावीकडची पहिली दोन घरं बघा. दोन्ही काळी म्हणजे एल. काळं-पांढरं म्हणजे एम, पांढरं-काळं म्हणजे क्यू, दोन्ही पांढरी म्हणजे एच.

गल्लापेटी
दोन्ही कार्डांवर दोन्ही घरं काळी आहेत.

काटकोन
म्हणजे एल. ३७ घरांच्या क्यूआरमध्ये एकूण १३४ बाइट बसतात. एल पातळीला त्यातले १०८ मजकुरासाठी आणि २६ दुरुस्तीसाठी. रीड-सॉलोमन पद्धतीत एक चुकलेला बाइट शोधून सुधारायला दुरुस्तीचे दोन बाइट खर्ची पडतात. म्हणून मर्यादा १३. बाइटमधलं एक घर चुकलं काय आणि आठही चुकली काय, खर्च एकाच बाइटचा.

आता मांडणी बघा. बाइट सहसा दोन घरं रुंद आणि चार घरं उंच असतो, आणि उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातून दोन-दोन स्तंभांच्या पट्ट्यांनी वर-खाली नागमोडी भरला जातो. उभी रेघ एकाच पट्टीतून उतरते, त्यामुळे वाटेत नऊ-दहा बाइट लागतात. ते जवळपास सगळे बिघडतात, तरी १३ च्या आत राहतात. आडवी रेघ मात्र अठराही पट्ट्या कापते आणि प्रत्येकीतला एक बाइट दुखावते. त्यातल्या काहींची ती दोन्ही घरं मुळातच पांढरी असतात, तिथे काही बिघडत नाही. सरासरीने चारात एक असा सुटतो. उरले तेरा-चौदा. तुमचं कार्ड बरोबर काठावर उभं आहे. हात हलला, दिव्याची तिरीप आली आणि आणखी एक बाइट चुकला की संपलं.

छापखाना_नाका
हिशोब पटला, पण घडी म्हणजे नुसती उडालेली शाई नव्हे. फोनमधला वाचक कोपऱ्यातल्या तीन चौकोनांवरून आणि उजवीकडे खालच्या लहान चौकोनावरून सपाट जाळी आखतो, आणि प्रत्येक घराच्या मध्यावरचा रंग घेतो. कार्ड घडीपाशी उचललेलं असेल तर आसपासची घरं जाळीवरून सरकतात आणि शेकड्याने चुकीची वाचली जातात. तिथे दुरुस्ती कमी पडते. कार्ड काचेखाली दाबून बघा.

गल्लापेटी
काचेखाली दाबलं. दहात सात वेळा चाललं. सुधारलं, पण अडतंच.

छापखाना_नाका
मग थोडं फुगवट्याचं, थोडं शाईचं. काच तिरपी ठेवा. लॅमिनेशनवरची चमक वाचकाला पांढरा डागच वाटते आणि तीही त्याच तेरातून जाते.

निशिगंध
मार्करने रेघ काळी करून टाका, प्रश्नच मिटला. आमच्याकडे कोपऱ्यातला चौकोन खरवडला होता, काळा केल्यावर लगेच चालू झाला.

काटकोन
तुमचं बरोबर, इथे मात्र चालणार नाही. कोपऱ्यातल्या चौकोनाचा आकार ठरलेला असतो: मध्ये ३ × ३ काळा, भोवती एक घर पांढरं, त्याभोवती एक घर काळं. त्यामुळे तो हाताने भरता येतो. भरावाच, कारण या चौकोनांना रीड-सॉलोमनचं संरक्षण नसतं. मजकुराच्या भागात कुठलं घर काळं होतं ते आपल्याला माहीत नसतं. सगळी रेघ रंगवली की पांढरी घरं चुकतात, हिशोब तिथल्या तिथेच.

आजोळकर
माझी शंका वेगळी. आमच्या बाजारात कुणीतरी क्यूआरवर आपला क्यूआर चिकटवून गेलं. ही दुरुस्ती तो ओळखत नाही का? आणि फाटक्या कोडातून पैसे भलत्याच खात्यात गेले तर?

काटकोन
चिकटवलेला क्यूआर स्वतः धड असतो, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. तिथे पैसे देण्याआधी पडद्यावरचं नाव वाचणं एवढाच इलाज. फाटक्या कोडाचं म्हणाल तर मर्यादा ओलांडली की वाचक जवळजवळ नेहमी हात वर करतो. चुकीचा मजकूर बरोबर म्हणून सुटणं अतिशय दुर्मिळ आहे.

गल्लापेटी, नवीन छापताना फोनने कार्डातला मजकूर वाचून घ्या आणि तोच अक्षरशः वापरा. त्यात `sign=` असेल तर एक टिंबही बदलू नका. क्यूआर बनवणाऱ्या qrencode प्रोग्रामची आज्ञा, नमुना असा:

```
qrencode -8 -l M -m 4 -s 10 -o qr.png 'upi://pay?pa=kirana.dukan@bank&pn=Kirana%20Dukan&mc=5411&mode=01&purpose=00&cu=INR'
```

हा मजकूर ८२ अक्षरांचा आहे. एल असो वा एम, क्यूआर ३७ घरांचाच येतो, म्हणजे एम फुकटात पदरात पडते. एम पातळीला तेच १३४ बाइट दोन गटांत वाटले जातात आणि प्रत्येक गटात १२ चुका सुधारतात. गटांचे बाइट एकाआड एक मांडलेले असल्याने तुमची आडवी घडी दोघांत विभागली जाईल, साधारण सात-सात.

सहज_विचारतोय
मग सरळ एचच का नको?

छापखाना_नाका
८२ अक्षरांना एच लावली की क्यूआर ४९ घरांचा होतो. भोवतीची चार-चार घरांची पांढरी जागा धरून ८ सेंटिमीटरच्या कार्डावर एक घर १.८ मिलिमीटरवरून १.४ वर येतं. तेवढ्याच जाडीची रेघ मग जास्त घरं खाते आणि लांबून वाचणंही अवघड होतं. मध्ये लोगो टाकायचा असेल तर क्यू किंवा एच घ्या. नऊ × नऊ घरांचा लोगो पंधराएक बाइट झाकतो, म्हणजे घडी पडायच्या आधीच एमची निम्म्याहून जास्त शिल्लक गेलेली.

गल्लापेटी
लोगो नको. एमवर काढून मॅट लॅमिनेशन करतो. एक शंका उरलीच. पांढरी रेघ कुठून जाते हे डोळ्यांना दिसतंय. तेच वाचकाला सांगता आलं तर चूक शोधण्याचा खर्च वाचणार नाही का?

काटकोन
वाचेल. जागा माहीत असली की एका बाइटला दुरुस्तीचा एकच बाइट लागतो, आणि तुमच्या जुन्या कार्डाचे १३ थेट २६ होतील. झेडएक्सिंग हा खुला वाचक तसं करत नाही, सगळं चूक म्हणूनच सोडवतो. पैशांची अॅप काय करतात ते कुणी तपासलं असेल तर लिहा.