‘दम लागणे’, ‘श्वास कोंडणे’, ‘हवा न पुरणे’ : एकच की वेगवेगळे?

मृद्गंध : श्वसनाचे आजार असलेल्या रुग्णांसाठीच्या एका प्रश्नावलीचा मराठी अनुवाद करतेय. मूळात तीन वेगळी वाक्यं आहेत. एकात रुग्ण म्हणतो की हवा पुरेशी मिळत नाही, दुसऱ्यात म्हणतो की श्वास घ्यायलाच कष्ट पडतात, तिसऱ्यात छाती आवळल्यासारखी वाटते. आधीच्या अनुवादकाने तिन्हींचं ‘मला दम लागतो’ करून ठेवलंय. मला ते खटकतंय. धाप, दम, श्वास कोंडणे, गुदमरणे, घुसमट यांतलं नेमकं कुठे काय बसेल? की मराठीत हे सगळं खरंच एक आहे?

अभिधा : एक नाही. आधी ‘धाप लागणे’ आणि ‘धापा टाकणे’ शेजारी ठेवून पाहा. धापा टाकणारा माणूस दुसऱ्याला दिसतो, तो ‘टाकतो’, तो कर्ता आहे. धाप मात्र ‘मला’ लागते, जशी भूक लागते, तहान लागते. तिथे मी कर्ता नसतो, माझ्या बाबतीत काहीतरी घडतं आणि ते फक्त मलाच कळतं. भाषेने ही जाणीव भूक-तहानेच्या पंगतीत बसवली आहे. प्रश्नावली जाणिवेबद्दल विचारतेय, त्यामुळे ‘टाकणे’ बाद, ‘लागणे’ ठीक. पण ‘दम लागणे’ने तुमची तीनपैकी फार तर दोन वाक्यं भागतील. जिना चढून आल्यावर ‘दम लागला’ म्हणतात. पाण्याखाली राहिल्यावर कोणी ‘दम लागला’ म्हणत नाही, ‘गुदमरलो’ म्हणतात.

पाणकोळी : शब्द कुठलाही वापरा, आत गोष्ट एकच असते : रक्तातला ऑक्सिजन कमी झाला. मी पाण्याखालून पोहतो. उडी मारण्याआधी पंधरा-वीस मोठे श्वास भराभर घेतो, ऑक्सिजन भरून घेतो, मग बराच वेळ गुदमरल्यासारखं होतच नाही. यंत्राने मोजता येणाऱ्या गोष्टीला पाच शब्द कशाला?

रानवाट : माझ्या वडिलांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार. बोटाला लावायचं यंत्र ९५ दाखवतं आणि ते म्हणतात, जीव जातोय. घरात यावरून रोज वाद होतो, भाऊ म्हणतो की मनाचे खेळ आहेत. त्यांना कोणता व्यायाम द्यावा?

मृद्गंध : रानवाट, इथे उपचारांची नाही, शब्दांची चर्चा चाललीय. पण वडील नेमकं कोणत्या शब्दांत सांगतात ते जमलं तर लिहा, मला उपयोग होईल.

निवांत : मी भूलतज्ज्ञ आहे, बराच काळ अतिदक्षता विभागात काम केलंय. आधी पाणकोळींना, कारण हे जिवावरचं आहे. मोठे श्वास घेऊन तुम्ही ऑक्सिजन फारसा भरत नाही. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं, त्यात आणखी कितीसा मावणार? तुम्ही कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकता. गुदमरल्याची जाणीव मुख्यतः त्याच्या वाढण्यातून येते, म्हणून ती लांबते. ऑक्सिजन मात्र नेहमीच्याच वेगाने खर्च होत राहतो. त्यामुळे धोक्याची सूचना मिळण्याआधीच शुद्ध जाऊ शकते, आणि पोहण्यात तरबेज असलेली माणसं अशीच बुडालेली आहेत. कृपा करून ती सवय सोडा.

आता घरबसल्या करण्यासारखा प्रयोग. खुर्चीत बसून, आधी जोरजोरात श्वास न घेता, फक्त एकदा श्वास रोखून धरा. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब एरवी पाऱ्याच्या ४० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो पन्नाशीकडे सरकला की राहवत नाही. त्या क्षणी बोटावरचा आकडा बहुधा फारसा हललेलाही नसतो. आधी शुद्ध ऑक्सिजन घेऊन श्वास रोखला तर जास्त वेळ रोखता येतो, पण शेवटी सोडावा लागतोच, आणि तेव्हा रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो. म्हणजे ती तगमग ऑक्सिजनच्या तुटवड्याची नव्हती.

पाणकोळी : हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सवय सोडतो. मग कार्बन डायऑक्साइड वाढला की गुदमरतं, एवढंच ना? शेवटी मोजण्याजोगी एक गोष्ट आहेच.

निवांत : तेवढंच असतं तर माझं काम सोपं झालं असतं. १९५४ साली फाउलर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अगदी असह्य होईपर्यंत श्वास रोखायला लावला आणि मग ताज्या हवेऐवजी कमी ऑक्सिजन आणि जास्त कार्बन डायऑक्साइड असलेला वायू काही श्वास घ्यायला दिला. रक्ताची स्थिती त्याने सुधारत नव्हती. तरीही लोकांना लगेच हायसं वाटलं आणि त्यांना पुन्हा श्वास रोखता आला. रक्त तेच, जाणीव गेली. कारण छाती हलली होती.

घडतं ते असं. मेंदूच्या देठातून श्वासपटलाला ‘श्वास घे’ असा हुकूम जातो. त्याच हुकमाची एक नक्कल वर, जाणिवेशी संबंधित भागांकडेही जाते. दुसरीकडे फुप्फुसं किती ताणली गेली याची खबर व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून परत येत असते. मागणी आणि परतीची खबर जुळली तर तुम्हाला श्वासाची आठवणही राहत नाही, मग भले तुम्ही धावत असाल. मागणी मोठी आणि खबर छोटी असली की हवेची भूक लागते. अभिधांनी भूक-तहानेची पंगत म्हटली ती मला शास्त्राच्या बाजूनेही पटते.

याचा माझ्या रोजच्या कामातला पुरावा सांगतो. फुप्फुसं जपण्यासाठी आम्ही व्हेंटिलेटरवर कधी कधी लहान श्वास ठेवतो, वजनाच्या दर किलोला ६ मिलिलिटर. एका जागृत रुग्णाचे रक्ततपासणीचे आकडे मनासारखे होते, तरी तो पाटीवर ‘हवा द्या’ लिहीत राहिला. आम्ही प्रत्येक श्वास थोडा मोठा केला आणि दर मिनिटाचे श्वास कमी केले. कार्बन डायऑक्साइड जवळजवळ तोच राहिला, माणूस मात्र शांत झाला. त्याला कोणी ‘मनाचे खेळ’ म्हटलं असतं तर तो अन्याय झाला असता.

अभिधा : मग ‘हवा पुरत नाही’ आणि ‘श्वास घ्यायला कष्ट पडतात’ यांत शरीराच्या पातळीवर फरक आहे, की फक्त सांगण्याचा?

निवांत : शरीराच्या पातळीवर आहे. १९९० मध्ये बॅन्झेट आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांचे स्नायू औषधाने पूर्ण शिथिल केले, श्वास यंत्रावर दिला आणि कार्बन डायऑक्साइड वाढवला. एकही स्नायू हलत नव्हता, तरी त्यांना हवेची तीव्र भूक जाणवली. म्हणजे कष्ट शून्य, भूक पूर्ण. उलट पाठीवर जड बोजा घेऊन चढताना कष्ट भरपूर जाणवतात, पण हवा पुरत असते. छाती आवळणं तिसरंच, ते जास्त करून दम्यात श्वासनलिका आकसल्यावर येतं. तेव्हा तिन्ही वाक्यांना ‘दम लागतो’ लावणं म्हणजे तीन वेगळ्या तक्रारींवर एकच चिठ्ठी चिकटवणं.

सायंतारा : मला उलटा अनुभव आहे. अचानक श्वास पुरेना, बोटांना मुंग्या, ओठ बधिर. आकडा ९९. तपासणाऱ्यांनी ‘काही नाही’ म्हणून परत पाठवलं. तुमच्या हिशेबाने माझा कार्बन डायऑक्साइड वाढलेला असणार?

निवांत : नाही, मुंग्या आणि बधिरपणा तो खाली गेल्याचं सुचवतात. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतल्यावर असं होतं. मग रक्तात तो कमी असताना भूक का लागावी? भीती ही जाणीव वाढवते, मेंदू आधीच्या अनुभवावरून धोक्याचा अंदाज बांधून ठेवतो, असं काहीसं उत्तर दिलं जातं. माझं पूर्ण समाधान त्याने होत नाही.

पण ‘आकडा ९९, म्हणजे काही नाही’ हे वाक्य मला मान्य नाही. ते यंत्र फक्त हिमोग्लोबिन किती टक्के भरलंय ते सांगतं. हिमोग्लोबिनच कमी असेल, फुप्फुसात रक्ताची गुठळी असेल, मधुमेहात रक्त आम्लयुक्त झालं असेल, तरी आकडा छान दिसू शकतो. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा तर त्याला ओळखूच येत नाही. धाप नव्याने सुरू झाली असेल तर माणूस तपासायचा, नुसतं बोट नाही.

पाणकोळी : आणि कोविडमध्ये ८०-८५ आकडा असलेली माणसं फोनवर बोलत होती, ते?

निवांत : तीही पाहिली. ऑक्सिजनची राखण मानेतल्या धमनीजवळच्या छोट्या ग्रंथी करतात, पण त्याचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरपर्यंत उतरेपर्यंत त्या फारसा गलका करत नाहीत. तोवर आकडा नव्वदीला टेकलेला असतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड कमी असेल तर त्यांचा आवाज आणखी दबतो. या रुग्णांच्या फुप्फुसाचे काही भाग बंद होते. उरलेले भाग जोराने चालून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू शकत होते. ऑक्सिजनची भरपाई मात्र त्यांना जमत नव्हती, कारण तिथून जाणारं रक्त आधीच काठोकाठ भरलेलं. आणि सुरुवातीला फुप्फुसं फार कडकही झालेली नसायची, त्यामुळे कष्टाची जाणीवही कमी.

मृद्गंध : माझी तीन वाक्यं अशी ठरतायत : ‘मला हवा पुरत नाही’, ‘श्वास घ्यायला जोर लावावा लागतो’, ‘छाती आवळल्यासारखी वाटते’. पहिल्यासाठी ‘गुदमरतं’ घ्यावं का?

अभिधा : ‘गुदमरतं’ नको, त्यात धूर आणि बंद खोलीही येते, आणि ‘घुसमट’ तर आता मनाचीच जास्त झाली आहे. ‘दम’ हा फारसीतला श्वास, त्यामुळे तो सगळीकडे शिरतो, म्हणूनच नेमकेपणा देत नाही. ‘दमणे’ही त्याच्याकडूनच आलं की संस्कृत ‘दम्’ धातूकडून, यावर मी ठाम नाही.

निवांत : मला ‘हवा पुरत नाही’पेक्षा ‘श्वास पुरत नाही’ जवळचं वाटतं. रुग्ण हवेचं नावही क्वचित घेतात.

अभिधा : इथे असहमत. ‘श्वास पुरत नाही’ गाणाराही म्हणतो, लांब तान घेताना. त्यात तगमग नाही.

रानवाट : वडिलांना विचारलं. तुमच्या तिन्हींपैकी एकही नाही म्हणाले. त्यांचे शब्द : ‘आधीचाच श्वास आत साठलाय, तो निघेना, मग नवा घेऊ कुठे?’ हे ९५ असतानाच.

निवांत : त्यांना माझा नमस्कार सांगा. सीओपीडीत श्वासनलिका बाहेर सोडताना मिटतात, हवा आत अडकते, आणि भराभर श्वास घेतला की आणखी साठते. छाती फुगलेलीच राहते, मागणी कितीही असली तरी वर जायला जागा उरत नाही. म्हणजे खबर छोटी, भूक मोठी. भावाला हे वाचून दाखवा. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडला की काहींना बरं वाटतं, कारण साठलेली हवा निघायला वेळ मिळतो. चेहऱ्यावर पंख्याचा वारा घेऊन पाहा, रक्तातला आकडा न बदलताही पुष्कळांना त्याने आराम पडतो. बाकीचा व्यायाम त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच.

मृद्गंध : मूळ प्रश्नावलीत हे वाक्य नाही, अनुवादक म्हणून मला ते घालता येणार नाही. पण ज्यांनी काम दिलंय त्यांना आजच लिहिते, की चौथं वाक्य हवं. रानवाट, वडिलांचे शब्द जसेच्या तसे पाठवू का? ‘साठलाय’ बदलायचं नाहीये मला.

रानवाट : विचारते त्यांना. सध्या पंखा लावून झोपलेत.