एकांकातला हरपाळदेव

"लीळाचरित्रात इतके चमत्कार आहेत, मग ते इतिहासाचं साधन कसं?"

आधी माहिती देणारा कोण, ते बघा. म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या पश्चात शिष्यांकडून लीळा, म्हणजे त्यांच्या आठवणी, जमवल्या त्या स्मरणासाठी. पण 'एकांक' भागात स्वामी एकटेच आहेत, शिष्य तिथे नव्हतेच. भडोचच्या हरपाळदेवाच्या प्रेतात आधीचे अवतार चांगदेव राऊळ शिरले आणि तोच पुढे चक्रधर झाला, ही लीळा अवतारांची परंपरा जोडते. घटना म्हणून ती तपासता येत नाही. पुढे मात्र हरपाळदेव जुगारात हरतो आणि पत्नी कमळाइसा दागिने द्यायला नकार देते. आपल्या स्वामींबद्दल भक्त असं कशाला रचतील? मला यात जुनी आठवण दिसते. तरी जपून, कारण हाच प्रसंग वैराग्याचं कारण म्हणूनही येतो. पूर्वार्ध-उत्तरार्ध या पुढच्या भागांत शिष्य सोबत असतात. तिथली मुक्कामाची देवळं, जेवण, शिष्या महदाइसेचे प्रश्न यांवर मी जास्त भरवसा ठेवतो.