एमसीव्ही ६४: आधी लोह की आधी एचपीएलसी?

नवा इंटर्न: गरोदर बाई, दहावा आठवडा. हिमोग्लोबिन १०.४, आरबीसी ५४ लाख, एमसीव्ही ६४, आरडीडब्ल्यू १४.८. लोहाच्या गोळ्या देऊन महिनाभर वाट पाहावी, की थॅलेसेमियासाठी एचपीएलसी आत्ताच?

पीएचसीकर: गोळ्या. पेशी लहान दिसल्या की आपल्याकडे बहुतेक वेळा लोहच कमी निघतं. ६० मिलिग्रॅम लोहाच्या रोज दोन. महिन्यात हिमोग्लोबिन १ ग्रॅमनेही चढलं नाही तर पुढे पाठवा. सगळ्यांची एचपीएलसी कुठून करणार?

स्मिअरवाली: सगळ्यांची नाही, हिची करा. लोह संपत आलं की पेशी कमी तयार होतात, त्याही लहानमोठ्या. म्हणून आरबीसी घसरतो नि आरडीडब्ल्यू चढतो. इथे पेशी चिमुकल्या, पण भरपूर आणि बऱ्याचशा एका मापाच्या. ६४ ला ५.४ ने भागा, ११.९ येतात. १३ च्या खाली म्हणजे थॅलेसेमिया मायनरचा संशय. शिवाय नुसतं लोह कमी असतं तर हिमोग्लोबिन दहाच्या वर असताना एमसीव्ही सहसा ६४ पर्यंत घसरत नाही. महिना थांबलात की चौदावा आठवडा उजाडला. नवराही कॅरिअर निघाला तर गर्भाची तपासणी कधी ठरवणार?

पीएचसीकर: त्या भागाकारावर माझा भरवसा नाही. मायनर आणि लोहाची कमतरता एकत्र असली की उत्तर फिरतं. उद्या १४ आले तर सोडून देणार?

स्मिअरवाली: नाही, हे तुमचं खरं आहे. म्हणून फेरिटिनही पाठवायचं. १५ च्या खाली आलं तर लोह कमीच. मात्र अंगात संसर्ग असला की ते फसवं वर जातं, तेव्हा नॉर्मल आकड्यावर विसंबू नका. गोळ्या मीही अडवत नाही. रक्त काढून त्याच दिवशी सुरू करा.

रमा: एचपीएलसीत हिमोग्लोबिन एटू ३.४ टक्के आला तर सुटलो ना? हद्द ३.५ आहे.

स्मिअरवाली: कागदावर सुटलो. पण लोह फार कमी असलं की एटूही थोडा दबतो. काठावरच्या आकड्याला नवऱ्याचा सीबीसी आणि एचपीएलसी मागवा. त्याचं सगळं नॉर्मल आलं तर घाई बरीच ओसरते.

तात्या: माझं हिमोग्लोबिन ९, एमसीव्ही ८६. म्हणजे लोह ठीक, असंच ना?

स्मिअरवाली: तात्या, ८६ ही सरासरी आहे. लोहाअभावी लहान आणि बी१२ अभावी मोठ्या पेशी एकत्र आल्या तरी ती नॉर्मल दिसते. आरडीडब्ल्यू २० च्या आसपास असेल तर स्मिअर, फेरिटिन, बी१२ करा. नसेल तर क्रिएटिनिन आधी. लोह कमी निघालं तर नुसत्या गोळ्यांवर भागवू नका, पोटातून रक्त जातंय का ते दुर्बिणीने पाहावं लागेल.

पीएचसीकर: मूळ मुद्दा राहिला. बाईसोबत सासू येते, नवरा नाही. मी आधी हिचा रिपोर्ट बघेन, मग त्याला बोलावेन.

स्मिअरवाली: त्यात दोन आठवडे जातात. मी निदान त्याचा साधा सीबीसी आत्ताच मागेन.