मदत हवी आहे: तीन चार्जची अदलाबदल, उत्तर दुप्पट येतंय

भंवरकुआं_हॉस्टेल: इंदूरला कोचिंग करतोय, उद्या सकाळी टेस्ट आहे. एका रेषेवर +2, +3 आणि −4 चे चार्ज आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्याची जागा बदलायला किती कार्य लागेल? माझं −1.68 येतं, पुस्तकात 0.84 आहे. कुठे चुकतंय ते लवकर सांगा, प्लीज.

सराफा_रात्री_बारा: अंतरं कोण सांगणार? आणि +2 म्हणजे कूलॉम की मायक्रोकूलॉम? खरे कूलॉम असतील तर अर्धं इंदूर उडेल.

भंवरकुआं_हॉस्टेल: मायक्रोच असणार ना! पहिला 0 वर, दुसरा 10 सेंमीवर, तिसरा 30 वर.

वायंडिंगवाला: दुप्पट येतंय तर अर्धं कर, संपलं. कपॅसिटरमध्ये नाही का, अर्धी ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून ½ येतो. इथंही तसंच. तीस वर्षं मोटरी बांधतोय, हा अर्धा सगळीकडे भेटतो.

निवृत्त_मास्तर: वायंडिंगवाले, अर्धं करा हे बरोबर, कारण मात्र नाही. तुम्ही म्हणता ती उष्णता बॅटरीने तारेतून कपॅसिटर भरताना निघते. इथं बॅटरी नाही, तारही नाही. बाळ, तू प्रत्येक चार्जला त्याच्या जागेवरच्या पोटेन्शियलने गुणून तिन्हींची बेरीज केलीस का?

भंवरकुआं_हॉस्टेल: हो, आधी आणि नंतर, दोन्ही वेळा. मग वजाबाकी.

निवृत्त_मास्तर: तिथेच दुप्पट होतं. पहिल्याच्या हिशोबात दुसऱ्याचं पोटेन्शियल आलं, दुसऱ्याच्या हिशोबात पहिल्याचं. जोडी एकच, मोजली दोनदा. त्यापेक्षा जोड्याच धर. तीन चार्ज, तीन जोड्या.

आधीची मांडणी:
पहिला-दुसरा: 9×10⁹ × 2×3×10⁻¹² ÷ 0.1 = +0.54 ज्यूल
पहिला-तिसरा: −0.24
दुसरा-तिसरा: −0.54
एकूण −0.24.

अदलाबदल झाल्यावर −4 चा चार्ज 10 सेंमीवर येतो आणि +3 चा 30 वर जातो. त्याच क्रमाने जोड्या +0.18, −0.72 आणि पुन्हा −0.54. एकूण −1.08. फरक −0.84.

आता गंमत बघ. दुसरा-तिसरा यांच्यातलं अंतर बदललंच नाही, 20 सेंमीच राहिलं. म्हणून ती जोडी मोजायचीही गरज नव्हती. पहिल्याशी असलेल्या दोनच जोड्या बघायच्या: एकीत −0.36 चा फरक, दुसरीत −0.48 चा. परीक्षेत अर्धा वेळ वाचतो.

ग्वाल्हेरची_सून: पहिल्या दोघांच्या मधे चौथा चार्ज ठेवला तर त्याच्यावर बल शून्य कुठे होतं, ते काढायचंय ना? वर्ग करून अंतराचं समीकरण मांडा. आमच्या मुलाला हेच आलं होतं.

सराफा_रात्री_बारा: ताई, तो प्रश्न वेगळा. पण मला एक शंका आहे. तिन्ही एका रेषेवर आहेत, मग दोघांनी जागा बदलायची तर एकमेकांतून आरपार जावं लागेल. अंतर शून्य, ऊर्जा अनंत. प्रश्नच चुकीचा आहे!

निवृत्त_मास्तर: रेषेवरूनच सरकवले तर तुमचं खरं. पण तसं कुणी सांगितलंय? एकाला रेषेबाहेरून वळसा घालून न्या. वाट कुठलीही घ्या, सुरुवात आणि शेवट तेच असले की कार्य तेवढंच. अट एकच: सावकाश न्यायचं, म्हणजे चार्जला वेग उरत नाही. नाहीतर काही कार्य गतिज ऊर्जेत जाईल.

सराफा_रात्री_बारा: मग "एका रेषेवर" कशाला लिहिलं?

निवृत्त_मास्तर: अंतरं सहज काढता यावीत म्हणून. त्रिकोण असता तर पायथागोरस लागला असता.

वायंडिंगवाला: उष्णता नाही म्हणता, मग 0.84 ज्यूल गेले कुठे?

निवृत्त_मास्तर: हाताला मिळाले. −4 चा चार्ज +2 कडे ओढला जातोच, आपण त्याला अडवत अडवत नेतो.

भंवरकुआं_हॉस्टेल: मग पुस्तकात वजा का नाही?

ग्वाल्हेरची_सून: छपाईची चूक. आमच्याही पुस्तकात असंच असतं.

निवृत्त_मास्तर: घाई नको. कार्य कुणाचं विचारलंय? विद्युत क्षेत्राचं असेल तर +0.84 बरोबर, आपलं असेल तर −0.84. प्रश्नातलं वाक्य जसंच्या तसं टाक.

भंवरकुआं_हॉस्टेल: नुसतं "कार्य काढा" एवढंच आहे.

वायंडिंगवाला: मग अधिक लिही. लागणारं कार्य वजा कसं असेल?

निवृत्त_मास्तर: असतं की. लेका, तू −0.84 लिही आणि शेजारी "बाह्य कार्य" असं लिहून टाक.

भंवरकुआं_हॉस्टेल: सरांची उत्तरपत्रिका पुस्तकावरून बनते, ते वजा कापतील. बरं, याच्यात (ब) पण आहे: नव्या मांडणीतून तिन्ही एकमेकांपासून अनंत अंतरावर न्यायचे.

निवृत्त_मास्तर: त्याचं उत्तर वर लिहिलेलंच आहे, फक्त चिन्ह उलट कर.

भंवरकुआं_हॉस्टेल: 1.08?

निवृत्त_मास्तर: हो. आणि एकक लिही, मघापासून एकदाही लिहिलं नाहीस.