मदत हवी आहे : कथेत खरं बोलून झाल्यावर उरलेल्या रस्त्याचं काय करू?

लघुकथा लिहितोय, साधारण दीड हजार शब्दांची. पाहून-सवरून झालेलं लग्न, तीन महिने उलटलेत. पुण्याचं एक लग्न आटोपून दोघं रात्री गाडीनं कोल्हापूरला निघालेत. घरी माणसांचा राबता, त्यामुळे एवढा वेळ दोघंच असे पहिल्यांदाच. निवेदन तिच्या बाजूनं.

आधी तोच खंबाटकी घाट चढताना मन मोकळं करायचा. ते भाषण वाटलं, शिवाय वळणांवर गाडी चालवणारा माणूस एवढं सलग बोलत नाही. मग ते कराडच्या पुढे नेलं. चहा झालाय, रस्ता सरळ आहे, दोघांची नजर समोर. ती फास्टॅगमधली शिल्लक विचारते आणि त्याच सुरात म्हणते, "तुमच्याकडे होकार बाबांनी कळवला. मला कुणी विचारलंच नव्हतं." तो एसी कमी करतो. बऱ्याच वेळानं म्हणतो, "मलाही."

इथवर जमलंय. पण कोल्हापूर अजून सत्तरेक किलोमीटर आहे आणि पुढचं सगळं संवादात फुसकं होतंय. किणी टोलनाक्यावर संपवून पाहिलं, तर कथा तुटल्यासारखी वाटते. घरी पोचवलं, तर सासूबाई दार उघडतात आणि कथा त्यांचीच होऊन बसते.

अपघात, पाऊस, बंद पडलेली गाडी नकोय, फ्लॅशबॅकही नको. "मलाही"नंतर त्यांना गप्पच ठेवून तासभराचा प्रवास दाखवायचा, की तिनं आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा? विचारला, तर कोणता?